प्रश्न एकाचा, पर्याय दुसऱ्याचे: प्रश्नपत्रिका छापणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
स्पर्धा परीक्षा घेणारी मंडळे आणि सराव प्रश्नसंच काढणारे प्रकाशक,
यांचे प्रश्नपत्रिका विभाग

सप्रेम नमस्कार.

काही दिवसांपूर्वी आपल्यापैकी एका मंडळाला मी लेखी विनंती केली होती. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या ज्या पीडीएफ आपण संकेतस्थळावर ठेवता, त्या अंध विद्यार्थ्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर नीट ऐकता येत नाहीत. पान दोन रकान्यांचे असते आणि डावीकडच्या प्रश्नाला उजवीकडचे पर्याय लागलेले ऐकू येतात. तेव्हा वाचनक्रम दुरुस्त केलेल्या प्रती द्याव्यात, एवढेच मागणे होते. दोन ओळींचे उत्तर आले: प्रश्नपत्रिका सर्वांसाठी उपलब्ध आहेत, वेगळी आवृत्ती देण्याची तरतूद नाही. मला वेगळी आवृत्ती नको होती. आहे तीच नीट हवी होती. या उत्तरावर गप्प बसणे मला शक्य नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहे.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून अंध आहे. पदवी घेऊन तो आता स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. संगणकावर एनव्हीडीए हा मोफत मिळणारा स्क्रीन रीडर वापरतो आणि त्याच्या कानांचा वेग माझ्या डोळ्यांपेक्षा जास्त आहे. मी स्वतः कोल्हापुरात अनेक वर्षे डीटीपीचे काम केले. शाळांच्या चाचण्या, गाईडे, सराव प्रश्नसंच अशी कितीतरी पाने मी दोन रकान्यांत लावली आहेत. आता संध्याकाळी भावासाठी आणि त्याच्या अभ्यासिकेतल्या मित्रांसाठी आपल्या प्रश्नपत्रिका सरळ करून देते. पान कसे तयार होते आणि ते कसे ऐकू येते, या दोन्ही गोष्टी मी रोज पाहते. त्या आधारावर पुढचे लिहिते आहे.

आधी नेमके काय बिघडते ते एका पानावर दाखवते. प्रश्न मी उदाहरणासाठी रचले आहेत, मांडणी मात्र आपल्या पानांवर नेहमी असते तीच आहे. डाव्या रकान्यात सर्वांत वर प्रश्न २१: "सह्याद्रीत उगम पावून पुढे कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेशातून वाहणाऱ्या कृष्णा नदीचा उगम कोठे होतो?" पर्याय (१) त्र्यंबकेश्वर (२) महाबळेश्वर (३) भीमाशंकर (४) मुलताई. उजव्या रकान्यात त्याच उंचीवर प्रश्न २६: "भीमा नदीचा उगम कोठे होतो?" पर्याय (१) महाबळेश्वर (२) मुलताई (३) भीमाशंकर (४) त्र्यंबकेश्वर. उत्तरतालिकेत २१ चे उत्तर २ आणि २६ चे उत्तर ३. डोळ्यांनी पाहणाऱ्याला यात काही अडचण नाही.

आता हे पान ओळीओळीने, डावीकडून उजवीकडे वाचले गेले तर असे ऐकू येते: "एकवीस, सह्याद्रीत उगम पावून पुढे, सव्वीस, भीमा नदीचा उगम कोठे होतो, कर्नाटक, तेलंगणा व आंध्र, एक महाबळेश्वर, दोन मुलताई, प्रदेशातून वाहणाऱ्या कृष्णा, तीन भीमाशंकर, चार त्र्यंबकेश्वर, नदीचा उगम कोठे होतो." हा गोंधळ त्रासदायक आहे, पण तो लपून राहत नाही. ऐकणाऱ्याला लगेच कळते की पान बिघडले आहे. तो थांबतो, कोणाला तरी विचारतो किंवा ती प्रश्नपत्रिका सोडून देतो.

दुसरा प्रकार याहून घातक आहे, कारण तो कळतच नाही. आपल्याकडे पुष्कळदा प्रश्नाचा मजकूर एका चौकटीत आणि पर्याय दुसऱ्या चौकटीत लावलेले असतात. फाइलमध्ये वाचनक्रम नोंदवलेला नसला की वाचणारी प्रणाली चौकटी कुठे सुरू होतात ते पाहते आणि वरून खाली घेत जाते. प्रश्न २१ आणि २६ एकाच उंचीवर सुरू होतात, म्हणून आधी ते दोन्ही वाचले जातात. २६ चा मजकूर एका ओळीत संपतो, म्हणून त्याचे पर्याय वर सुरू होतात. २१ चा मजकूर चार ओळींचा, म्हणून त्याचे पर्याय खाली जातात. परिणामी क्रम होतो: प्रश्न २१, प्रश्न २६, मग २६ चे पर्याय, मग २१ चे पर्याय. ऐकणारा साहजिकच पहिले चार पर्याय पहिल्या प्रश्नाचे आणि पुढचे चार दुसऱ्याचे समजतो. सगळी वाक्ये पूर्ण असतात, सगळे आकडे जागेवर असतात, शंका घ्यावी असे काही कानावर पडत नाही.

मग तो उत्तरतालिका उघडतो. २१ चे उत्तर २. त्याला ऐकू आलेल्या यादीत दुसरा पर्याय मुलताई आहे. मुलताई मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात आहे आणि तिथे तापी उगम पावते. ज्याला भूगोल आधीच येतो तो इथे दचकेल. पण सराव संच सोडवणारा विद्यार्थी शिकत असतो. अधिकृत तालिकेवर विश्वास ठेवून तो कृष्णेचा उगम मुलताई असे पाठ करतो. २६ चे उत्तर ३, आणि तिसरा पर्याय दोन्ही याद्यांत भीमाशंकरच आहे. म्हणजे ते उत्तर योगायोगाने बरोबर येते आणि पर्याय नीट जुळत आहेत असा त्याचा समज आणखी पक्का होतो. परीक्षेत त्याचा एक गुण जातो, उणे गुणांची पद्धत असेल तर आणखी थोडा जातो, आणि आपल्या नोंदीत तो फक्त एक चुकलेला उमेदवार असतो. ही माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार आहे. बाकीच्या तक्रारी तिच्या कारणांविषयीच आहेत.

हे घडते, कारण पीडीएफ हे मुळात छपाईचे पान आहे. कोणते अक्षर पानावर कोणत्या जागी काढायचे, एवढेच त्यात असावे लागते. कोणत्या अक्षरानंतर कोणते वाचायचे, हे त्यात आपोआप येत नाही. ते वेगळे नोंदवावे लागते. त्यासाठी टॅगची सोय २००१ पासून पीडीएफमध्ये आहे आणि टॅग कसे असावेत याचे आंतरराष्ट्रीय मानक, पीडीएफ/यूए, २०१२ मध्ये आले. टॅग असलेल्या फाइलमध्ये पानाच्या मागे एक झाड असते: हा प्रश्न, ही त्याच्या पर्यायांची यादी, हा पर्यायाचा क्रमांक, हा पर्यायाचा मजकूर. रकाने दोन असोत वा तीन, स्क्रीन रीडर त्या झाडावरून चालतो.

टॅग नसले की प्रत्येक प्रणाली अंदाज बांधते. स्क्रीन रीडर चालू असताना ॲक्रोबॅट रीडरमध्ये अशी फाइल उघडली की तो विचारतो: क्रम मजकुरावरून ओळखू, डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली वाचू, की छपाईसाठी अक्षरे ज्या क्रमाने लिहिली आहेत तो घेऊ? तीन पर्यायांना एकाच पानाचे तीन वेगळे क्रम मिळू शकतात. माझ्या भावाने आणि त्याच्या मित्राने एकच प्रश्नपत्रिका शेजारी बसून ऐकली आणि दोघांना वेगळे ऐकू आले, याचे कारण हेच होते. आपण एकच कागद सर्वांना दिला असे आपल्याला वाटते, पण प्रत्यक्षात तसे झालेले नसते.

आता टेबलावर काय होते ते सांगते. दोन रकाने करायच्या तीन पद्धती आमच्या धंद्यात चालतात. पहिली म्हणजे मजकूर एकाच सलग धारेत टाइप करणे आणि रकान्यांची सेटिंग देऊन तो डाव्या रकान्यातून उजव्यात वाहू देणे. वर्डमध्ये `Layout` मधल्या `Columns` ने हे होते, इनडिझाइनमध्ये जोडलेल्या चौकटींनी होते. यात क्रम मुळातच बरोबर असतो. दुसरी पद्धत दोन खणांचा तक्ता आखून डाव्या खणात एक आणि उजव्या खणात एक प्रश्न बसवण्याची. तक्ता ओळीने वाचला जातो, म्हणून २१ नंतर २६, मग २२ नंतर २७ असे येते. निदान प्रश्न आणि त्याचे पर्याय एकत्र राहतात, पण क्रमांक उड्या मारतात. तिसरी पद्धत टॅब मारून किंवा सुट्या चौकटी हाताने सरकवून पान भरण्याची, आणि वर सांगितलेला सगळा घोळ तिथून येतो. घाईच्या कामात तिसरी पद्धत सर्वाधिक वापरली जाते, कारण शेवटच्या क्षणी एखादा प्रश्न बदलला तरी बाकीचे पान हलत नाही. बदललेला प्रश्न मात्र फाइलमध्ये सर्वांत शेवटी जाऊन बसतो. पानावर तो २३ च्या जागी दिसतो आणि ऐकताना ३० नंतर येतो.

टेबलावर काम करणाऱ्याला मी दोष देत नाही. त्याला कोणी सांगितलेलेच नसते. त्याच्याकडून कागदावर नीट दिसणारे पान मागितले जाते आणि तो ते देतो. मागणी आपल्याकडून आली पाहिजे.

पर्यायांच्या मांडणीची तक्रार वेगळी सांगावी लागते. पर्याय लहान असले की आपण ते दोन-दोनच्या ओळीत लावता: (१) आणि (२) एका ओळीत, (३) आणि (४) त्याखाली. रकान्यात लागोपाठ असे प्रश्न आले की (१) आणि (२) यांच्या मधली पांढरी जागा एका सरळ उभ्या पट्ट्यासारखी दिसू लागते. क्रम ओळखू पाहणाऱ्या प्रणालीला ती रकान्यांमधली मोकळी जागा वाटते. मग ती पानात दोनच्या जागी चार रकाने धरते आणि (१), (३) एकीकडे, (२), (४) दुसरीकडे वाचते. 'जोड्या लावा' प्रकारात तर रकान्याच्या आत 'अ गट' आणि 'ब गट' असे आणखी दोन रकाने असतात, आणि त्याखाली 'अ-२, ब-४, क-१, ड-३' अशा जुळण्यांचे पर्याय पुन्हा तक्त्यात. टॅग नसलेल्या दोन रकान्यांच्या पानावर असा प्रश्न कानाने सुटलेला मी पाहिलेला नाही. माझा भाऊ सराव करताना ते प्रश्न सोडूनच देतो. दरवेळी हाच प्रकार सुटत असल्याने परीक्षेतही त्याला तो जड जातो.

यानंतर कर्व्हची आणि स्कॅनची तक्रार. छापखान्यात फॉन्ट बदलू नये म्हणून बरेच जण मजकूर कर्व्ह करून पाठवतात. म्हणजे अक्षरांचे आकार उरतात, अक्षरे उरत नाहीत. तीच फाइल पुढे संकेतस्थळावर जाते. काही ठिकाणी छापलेली पुस्तिका स्कॅन करून चढवली जाते. दोन्हींत स्क्रीन रीडरला पान रिकामे असते. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमधल्या फाइलमध्ये मजकूर असतो, पण तो इंग्रजी अक्षरांचा निरर्थक ढीग म्हणून वाचला जातो. या सगळ्या पानांची, चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या ओसीआरने पुन्हा ओळख करून घ्यावी लागते आणि तिथे रकान्यांचा प्रश्न परत पहिल्यापासून उभा राहतो.

मी ते कसे सोडवते, हे इथे लिहून ठेवते. ज्यांच्या घरी असा विद्यार्थी आहे त्यांना उपयोग होईल. पान कधीही अख्खे ओळखायला देत नाही. मधल्या रेघेवर उभे कापून डावा आणि उजवा असे दोन तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा वेगळा ओळखते. ओसीआरसाठी मी टेसरॅक्ट वापरते. त्यात `--psm 6` म्हणजे 'हा मजकुराचा एकच सलग ठोकळा आहे' असे सांगणे. कापलेल्या रकान्याला ते बरोबर लागू पडते. अख्ख्या पानाला तेच दिले तर ओळी आरपार जोडल्या जातात.

```
tesseract pan7-dava.png pan7-dava -l mar+eng --psm 6
tesseract pan7-ujava.png pan7-ujava -l mar+eng --psm 6
```

फाइलमध्ये खरा युनिकोड मजकूर असेल, तर ओसीआरची गरजच नाही. ए-फोर पान ५९५ बाय ८४२ पॉइंटचे असते, तेव्हा `pdftotext` या आज्ञेने मजकूर काढतानाच पान अर्ध्यावर विभागता येते:

```
pdftotext -f 7 -l 7 -x 0 -y 0 -W 297 -H 842 p.pdf dava.txt
pdftotext -f 7 -l 7 -x 297 -y 0 -W 298 -H 842 p.pdf ujava.txt
```

यालाही मर्यादा आहेत. पानभर पसरलेली सूचना किंवा उतारा मधोमध कापला जातो, म्हणून तो भाग आधी वेगळा काढावा लागतो. स्कॅन तिरके असेल तर रेघ कुठेतरी अक्षरांवरून जाते. डाव्या रकान्याच्या तळाशी प्रश्न आणि उजव्याच्या माथ्यावर त्याचे पर्याय असतील, तर दोन्ही तुकडे जोडताना मध्ये आलेले पानाचे शीर्षक, 'कच्च्या कामासाठी जागा' आणि 'पुढे पहा' या ओळी हाताने काढाव्या लागतात. नाहीतर प्रश्न आणि त्याचा पहिला पर्याय यांच्या मध्येच त्या वाचल्या जातात. शंभर प्रश्नांच्या एका पुस्तिकेला अशी पूर्ण संध्याकाळ जाते. आपल्या टेबलावर तीच फाइल मूळ रूपात उघडी असते, तेव्हा हेच काम फारच थोड्या वेळात होते.

हा विषय फक्त अंध विद्यार्थ्यांचा आणि फक्त पीडीएफचाही नाही. परीक्षेच्या दिवशी छापील पुस्तिकेतही तो येतो. अंध उमेदवाराला लेखनिक मिळतो आणि तो प्रश्न वाचून दाखवतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा उमेदवाराला तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. प्रश्न डाव्या रकान्याच्या तळाला तुटून पर्याय उजव्या रकान्याच्या माथ्यावर गेले, किंवा पान उलटल्यावर आले, की लेखनिक एकदा खाली, एकदा वर असे करत राहतो. उमेदवार 'प्रश्न पुन्हा वाचा' म्हणतो तेव्हा पुन्हा तीच धावपळ होते. जादा मिळालेली मिनिटे त्यात जातात. अल्पदृष्टी उमेदवार भिंग वापरतो. त्याला एका वेळी रकान्याचा छोटासा भाग दिसतो. दोन रकान्यांत अंतर कमी आणि मधली रेघ गायब असेल, तर भिंग सरकवताना तो नकळत शेजारच्या ओळीत जातो. मोठी प्रत म्हणून आपण ए-फोरचे पान ए-थ्रीवर झेरॉक्स काढून देता. त्याने अक्षर १.४१ पट होते, म्हणजे दहा पॉइंटचे चौदा. रकाने मात्र दोनच राहतात आणि कागद बाकावर मावत नाही.

मला दोन रकाने बंद करून हवे आहेत असे कृपया समजू नका. लहान पर्यायांच्या प्रश्नांना पूर्ण रुंदीची ओळ दिली तर अर्धे पान कोरे जाते, कागद आणि खर्च वाढतो, आणि लांब ओळ डोळ्यांनाही सोपी नसते. छापील पुस्तिकेसाठी दोन रकाने योग्यच आहेत. रकाने हा पानाच्या रूपाचा भाग आहे, त्यामागचा क्रम बरोबर ठेवता येतो, आणि तो ठेवायला जादा कागद लागत नाही.

कायद्याबद्दल दोनच गोष्टी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे आणि त्याच्या कलम ४२ मध्ये छापील, श्राव्य आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतला मजकूर सुगम्य स्वरूपात मिळावा यासाठी उपाय करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवणे मूळ कायद्याशी विसंगत आहे, ते बंधनकारकच असले पाहिजेत. तेव्हा 'तरतूद नाही' हे उत्तर टिकणारे नाही. आणि जे प्रकाशक आम्हाला 'आमच्या पुस्तकाचे रूपांतर करू नका' असे कळवतात, त्यांनी कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले कलम ५२(१)(झेडबी) पाहावे. दिव्यांग व्यक्तीच्या वापरासाठी सुगम्य प्रत करणे हे त्यानुसार उल्लंघन ठरत नाही.

आता मागण्या स्पष्टपणे मांडते.

पहिली मागणी तयार करण्याच्या पद्धतीबद्दल आहे. प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये आणि एकाच सलग धारेत टाइप व्हावी. रकाने सेटिंगने यावेत, तक्त्याने, टॅबने किंवा सुट्या चौकटींनी नव्हे. पर्याय ही खरी यादी असावी आणि ऐकण्याच्या प्रतीत चारही पर्याय एकाखाली एक असावेत. वर्डमध्ये प्रश्नाच्या परिच्छेदांना आणि पहिल्या तीन पर्यायांना `Keep with next` आणि चौथ्या पर्यायासह या सगळ्यांना `Keep lines together` लावले की प्रश्न आणि पर्याय दोन रकान्यांत तुटत नाहीत. त्याने रकान्याच्या तळाशी थोडी जागा कोरी राहील. ती राहू द्यावी.

दुसरी मागणी संकेतस्थळावर चढणाऱ्या फाइलबद्दल आहे. छापखान्याला कर्व्ह केलेली फाइल जरूर द्या, पण तीच संकेतस्थळावर टाकू नका. त्यासाठी मूळ फाइलमधून टॅगसह पीडीएफ काढा. वर्डमधून काढताना `Save As` मध्ये पीडीएफ निवडून `Options` खालची `Document structure tags for accessibility` ही खूण ठेवायची असते. `Microsoft Print to PDF` ने काढली की टॅग येत नाहीत, आणि आपल्या बऱ्याच फाइली तशाच काढलेल्या दिसतात. इनडिझाइनमध्ये `Articles` मध्ये क्रम लावून `Use for Reading Order in Tagged PDF` निवडावे. एका रकान्यात मराठी आणि शेजारी इंग्रजी अशी द्विभाषिक पत्रिका असेल, तर प्रत्येक प्रश्नाचा मराठी मजकूर त्याच्या पर्यायांसह आधी आणि इंग्रजी नंतर असा क्रम ठेवा आणि दोन्ही भाषांची नोंद टॅगमध्ये करा, म्हणजे मराठी वाक्य इंग्रजी आवाजात वाचले जाणार नाही.

तिसरी मागणी तपासणीची. शुद्धलेखन तपासणारा माणूस आपल्याकडे असतोच, त्याच्याच कामात ही भर घालावी. पानातला सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये चिकटवावा आणि एकच नियम पाहावा: प्रत्येक प्रश्नक्रमांकानंतर पुढचा क्रमांक येण्याआधी १, २, ३, ४ हे चारही पर्याय त्याच क्रमाने आले पाहिजेत. वरचे कृष्णा-भीमेचे पान या एका नियमात पकडले जाते, कारण तिथे २१ च्या पाठोपाठ थेट २६ येतो. चिकटवलेला क्रम आणि टॅगमधला क्रम कधी कधी वेगळे निघतात, म्हणून त्यानंतर एनव्हीडीए लावून काही निवडक जागा कानाने ऐकाव्यात: डाव्या रकान्याचा शेवटचा आणि उजव्याचा पहिला प्रश्न, पान उलटते ती जागा, एक 'जोड्या लावा', आणि शेवटच्या क्षणी बदललेला प्रत्येक प्रश्न. शक्य असेल तिथे हे ऐकण्याचे काम मानधन देऊन अंध व्यक्तीलाच द्यावे. पेपर झाल्यानंतर संकेतस्थळावर टाकण्याआधी ही तपासणी करता येते, त्यामुळे गोपनीयतेची अडचण येत नाही.

चौथी मागणी छापील पुस्तिकेबद्दल आहे. दोन रकान्यांमध्ये उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना पुरेशी जागा असावी. प्रश्न आणि पर्याय एकाच रकान्यात राहावेत. लेखनिकासाठी आणि अल्पदृष्टी उमेदवारांसाठी झेरॉक्स मोठी करून न देता, त्याच सलग फाइलमधून एका रकान्याची, अठरा पॉइंट अक्षराची प्रत छापावी. मजकूर सलग धारेत असेल तर रकान्यांची संख्या दोनवरून एक करून अक्षर वाढवायचे आणि पाने एकदा नजरेखालून घालायची, इतकेच काम उरते.

पाचवी मागणी मागच्या प्रश्नपत्रिकांची. सगळ्या जुन्या पत्रिका एकदम दुरुस्त होणार नाहीत हे मला समजते. निदान गेल्या पाच वर्षांच्या पत्रिकांपासून सुरुवात करा, आणि ज्या दुरुस्त झालेल्या नाहीत त्यांच्या शेजारी तसे स्पष्ट लिहा. ऐकणाऱ्याला आधी कळले, तर तो कृष्णेचा उगम मुलताई असे पाठ करणार नाही.

माझ्याकडे सरळ केलेल्या पुस्तिकांच्या मजकूर फाइली आहेत. त्या तपासून वापरायच्या असतील तर मी त्या विनामूल्य देईन. आपल्या डीटीपी विभागात येऊन एक पान दोन्ही पद्धतींनी लावून दाखवायलाही मी तयार आहे. भाऊ सोबत येईल आणि दोन्ही पाने आपल्यासमोर ऐकून दाखवील. पुढची परीक्षा जाहीर होण्याआधी, वरच्या पाचांपैकी कोणत्या मागण्या आपण मान्य करता आणि कोणत्या करत नाही, हे आपण कारणांसह आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे, अशी विनंती आहे.

आपली,
एका परीक्षार्थीची बहीण आणि पूर्वीची डीटीपी ऑपरेटर,
कोल्हापूर